नफा वाढला, लाभांश घटला: भागधारकांना पत्र कसं लिहायचं

जळगाव-धुळे पट्ट्यात शेअर बाजारात नोंद नसलेल्या, पण शे-पाचशे भागधारक असलेल्या बऱ्याच पब्लिक लिमिटेड कंपन्या आहेत. जिनिंग, डाळ मिल, तेल मिल असा त्यांचा धंदा, आणि भागधारक म्हणजे आसपासच्या गावांतले शेतकरी, व्यापारी, निवृत्त मास्तर. एखाद्या वर्षी नफा चांगला होतो, तरी लाभांश कमी द्यावा लागतो. तेव्हा जे पत्र जातं, ते दहापैकी आठ वेळा चुकतं. मी स्वतः ते चुकवलेलं आहे. माझ्या पहिल्या पत्रात नफ्याचा आकडा पहिल्या पानावर ठळक होता आणि लाभांशाचा चौथ्या पानावर. मधे लिहिलं होतं, ‘दीर्घकालीन हिताचा विचार करून मंडळाने विवेकपूर्ण निर्णय घेतला आहे.’ सभेत अमळनेरकडचे एक अप्पा ते पत्र चार घड्या घालून खिशात घेऊन आले होते. उठून एवढंच म्हणाले, ‘नफा व्हयना, मंग पैसा कथा गया?’

पत्राला याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. खाली एक जिनिंग-प्रेसिंग कंपनी उदाहरणाला घेतली आहे. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. भरणा झालेलं भांडवल ५ कोटी, म्हणजे १० रुपयांचे ५० लाख शेअर. गेल्या वर्षी करानंतरचा नफा ३ कोटी १० लाख आणि लाभांश शेअरमागे अडीच रुपये. यंदा नफा ४ कोटी २० लाख आणि लाभांश १ रुपया २० पैसे.

## टप्पा १: लिहायला बसण्याआधी टेबलावर काय हवं

लेखापरीक्षण झालेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक सगळेच घेतात. रोख प्रवाह पत्रक मात्र फाइलीतच राहतं, आणि आपलं अर्धं पत्र त्यातूनच निघणार असतं. शिवाय बँकेचं मंजुरीपत्र काढा. मुदत कर्जाच्या अटींत ‘हप्ता थकला असल्यास किंवा बँकेच्या संमतीशिवाय लाभांश देऊ नये’ असं एखादं कलम असू शकतं. ते असेल तर संमती आधी लेखी घ्या. पत्र पोस्टात पडल्यावर बँकेचा फोन आला की फार लाजिरवाणं होतं.

पाचवा कागद म्हणजे कंपनीची नियमावली. लाभांशाची शिफारस संचालक मंडळ करतं आणि तो जाहीर करते वार्षिक सर्वसाधारण सभा. नेहमीच्या नियमावलीत सभेला शिफारशीपेक्षा कमी लाभांश ठरवता येतो, जास्त नाही. म्हणून पत्रात ‘मंडळाने लाभांश जाहीर केला आहे’ असं लिहिणं चूक. ‘शिफारस केली आहे’ असंच लिहा. ‘सभेत आपण वाढवून घेऊ’ असं वाटणारे भागधारक असतातच, त्यांनाही हा नियम पत्रातच कळू द्या.

तपासा: संचालक मंडळाच्या अहवालात लाभांशाची रक्कम आणि राखीव निधीकडे नेलेली रक्कम कायद्याने द्यावी लागते. तुमच्या पत्रातले आकडे आणि त्या अहवालातले आकडे पैशापर्यंत जुळतात का? अहवालात लाखांत आणि पत्रात कोटींत लिहिताना केलेली गोळाबेरीज नेमकी सभेत सापडते.

## टप्पा २: नफ्यापासून बँक शिलकेपर्यंत चालत जा

इथे घाई करू नका. करानंतरचा नफा घ्या आणि त्यात घसारा परत मिळवा, कारण घसारा खर्चात धरला तरी त्या वर्षी त्याचा पैसा बाहेर गेलेला नसतो. मग पैसा जिथे जिथे गेला, ते एकेक वजा करा.

| | लाख रुपये | शेअरमागे रुपये |
|---|---|---|
| करानंतरचा नफा | ४२० | ८.४० |
| घसारा मिळवला | ९० | १.८० |
| हाती यायला हवे होते | ५१० | १०.२० |
| गाठींच्या साठ्यात आणि उधारीत जादा अडकले | १९० | ३.८० |
| मुदत कर्जाची मुद्दल फेडली | ८० | १.६० |
| नव्या प्रेसमधला आपला हिस्सा | ११० | २.२० |
| गेल्या वर्षीचा लाभांश, जो यंदा दिला | १२५ | २.५० |
| वर्षभरात शिल्लक वाढली | ५ | ०.१० |

यातल्या दोन ओळींवर हमखास घोटाळा होतो.

पहिली ओळ उधारीची. गाठी सूतगिरणीच्या दारात उतरल्या आणि बिल झालं की विक्री धरली जाते आणि नफाही धरला जातो. पैसे यायचे तेव्हा येतात. आपल्या उदाहरणात गिरण्यांनी ३० दिवसांची उधारी ६० दिवसांवर नेली आणि विक्रीही वाढली, म्हणून मार्चअखेर येणं फुगलं. तक्त्यातले १९० लाख म्हणजे सी.सी.तून, म्हणजे साठ्यावरच्या बँक कर्जातून, आणि आपल्याला उधार देणाऱ्यांकडून जेवढं भागलं ते वजा करून उरलेला आपला हिस्सा. पूर्ण वाढ तक्त्यात टाकली तर बेरीज जुळणार नाही. मग कोणीतरी घाईत ‘इतर’ नावाची ओळ घालून ती जुळवतो, आणि सभेत पहिला प्रश्न त्या ‘इतर’वरच येतो.

दुसरी ओळ गेल्या वर्षीच्या लाभांशाची. तो सप्टेंबरात जाहीर होऊन ऑक्टोबरपर्यंत वाटला गेला, म्हणजे त्याचा पैसा याच वर्षात बाहेर पडला. त्याच्या जागी लोक यंदाचे ६० लाख वजा करतात. ते अजून गेलेलेच नाहीत.

सावधान: या तक्त्याच्या जोरावर ‘नफा फक्त कागदावरचा आहे’ असं लिहू नका. पडून असलेल्या गाठी खर्चाच्या किंवा मिळू शकणाऱ्या किमतीपैकी कमी भावानेच हिशेबात धरलेल्या असतात. भाव चढल्याचा काल्पनिक नफा त्यात नसतो. नफा खरा आहे, फक्त तो रोकडीच्या रूपात नाही. ‘कागदावरचा’ हा शब्द एकदा गावात गेला की पुढच्या वर्षी ताळेबंदावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

## टप्पा ३: हाच आकडा का, ते लिहिता आलं पाहिजे

‘रोकड कमी होती’ एवढ्यावर वाचणाऱ्याचं समाधान होत नाही. मग १.२०च का? १ का नाही, २ का नाही? मंडळाच्या बैठकीत हा हिशेब झालेला असतो, पण पत्रात तो कोणी लिहीत नाही.

खान्देशात या हिशेबाला एक खास अडचण आहे. आर्थिक वर्ष मार्चला संपतं आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून बहुतेक सभा सप्टेंबरातच होतात. लाभांश जाहीर झाला की पाच दिवसांत ती पूर्ण रक्कम शेड्यूल्ड बँकेतल्या वेगळ्या खात्यात टाकावी लागते, आणि ३० दिवसांत वाटप करावं लागतं. म्हणजे पैसा लागतो तो पाचव्या दिवशी. आणि तेव्हाच गणपतीचा मुहूर्त करून कापूस यायला सुरुवात झालेली असते, दसऱ्यापासून तर गाड्यांची रांग लागते. मार्चअखेर अडकलेली उधारी बुडालेली नसते. सप्टेंबरपर्यंत बहुतेक सुटते. पण ती सुटते तेव्हाच कापूस दारात उभा असतो आणि शेतकऱ्याला पैसे रोख किंवा दोन-चार दिवसांत द्यावे लागतात.

आपल्या कंपनीचा हिशेब असा. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हाती येणारी रोकड १७० लाख. हंगामाचे पहिले २० दिवस रोज १५ लाखांची खरेदी धरली, म्हणजे ३ कोटी. बँक साठ्यावर ७५ टक्के देते. उरलेलं २५ टक्के मार्जिन, म्हणजे ७५ लाख, आपल्या खिशातून. कर्जाचा तिमाही हप्ता २० लाख. मजुरी, वीजबिल आणि अडीअडचणीला १५ लाख. उरले ६० लाख. भागिले ५० लाख शेअर, म्हणजे १ रुपया २० पैसे.

हा हिशेब पत्रात चार ओळींत मावतो. तो दिला की १.२० हा आकडा कुठून आला ते दिसतं. कोणाला तो पटणार नाही, पण निदान तो खरेदीच्या अंदाजावर भांडेल, तुमच्या हेतूवर नाही.

तपासा: हिशेब उलटा करून पाहा. अडीच रुपये दिले असते तर १२५ लाख गेले असते, म्हणजे ६५ लाख कमी पडले असते. मार्जिनमध्येच ६५ लाखांची तूट आली असती तर ३ कोटींऐवजी जेमतेम ४० लाखांचा कापूस घेता आला असता. हे वाक्य पत्रात घालायचंच आहे. ते लिहिता येत नसेल, तर लाभांश कमी करण्याचं कारण अजून तुम्हालाच नीट सापडलेलं नाही, असं समजा.

## टप्पा ४: पत्रातला क्रम

क्रम असा ठेवा: लाभांश, नफा, पैसा कुठे गेला, आकडा कसा ठरला, आमचं मानधन, पुढे काय. वाईट बातमी पहिल्या वाक्यात. ती मधे दडवली की वाचणारा आधी शेवट शोधतो, आणि एकदा शोधला की परत मागे येत नाही.

नमुना देतो. दोन पानांच्या वर जाऊ नका.

> सप्रेम नमस्कार,
>
> या वर्षी आपल्याला शेअरमागे १ रुपया २० पैसे लाभांश देण्याची शिफारस संचालक मंडळाने केली आहे. गेल्या वर्षी तो २ रुपये ५० पैसे होता. आपल्याकडे १०० शेअर असतील, तर गेल्या वर्षी २५० रुपये मिळाले होते, यंदा १२० मिळतील.
>
> कंपनीचा नफा मात्र ३ कोटी १० लाखांवरून ४ कोटी २० लाखांवर गेला आहे. मग लाभांश कमी का, हा प्रश्न आपल्या मनात येणं साहजिक आहे.
>
> नफा आणि घसारा मिळून शेअरमागे १० रुपये २० पैसे हाती यायला हवे होते. त्यातले ३ रुपये ८० पैसे गाठींत आणि गिरण्यांकडच्या उधारीत अडकले. १ रुपया ६० पैसे कर्ज फेडण्यात गेले, २ रुपये २० पैसे नव्या प्रेसमध्ये, आणि २ रुपये ५० पैसे आपल्याला गेल्या वर्षीचा लाभांश म्हणून दिले. वर्षअखेर शिल्लक वाढली ती १० पैशांनी.
>
> उधारी वसूल होत आहे. पण ती ज्या महिन्यात हाती येते, त्याच महिन्यात कापसाची खरेदी सुरू होते. बँक साठ्याच्या ७५ टक्के देते, बाकीचे कंपनीला घालावे लागतात. खरेदीचं मार्जिन, कर्जाचा हप्ता आणि रोजचा खर्च बाजूला ठेवल्यावर ६० लाख उरतात. ते पूर्ण आपल्याला देण्याची शिफारस आहे. गेल्या वर्षीइतका लाभांश दिला असता, तर हंगामाच्या पहिल्या २० दिवसांत ३ कोटींऐवजी सुमारे ४० लाखांचाच कापूस घेता आला असता.
>
> संचालकांच्या मानधनात या वर्षी वाढ केलेली नाही.
>
> नव्या प्रेसमधला आपला हिस्सा भरून झाला आहे. तो खर्च पुढच्या वर्षी नसेल. उधारी मात्र गिरण्यांवर अवलंबून आहे. ती ६० दिवसांवरच राहिली, तर रोकडीचा ताण पुढेही राहील.

मानधनाची ती एक ओळ गाळायचा मोह होतो. गाळू नका. मानधन वाढवलं असेल तर तेही आकड्यासकट याच जागी लिहा. लाभांश निम्म्यावर आला की भागधारक अहवालात सगळ्यात आधी तेच पान उघडतो.

लाभांश रुपयांत सांगा. ‘२५ टक्क्यांवरून १२ टक्के’ असं लिहिलं की निम्मे लोक ते नफ्याचे टक्के समजतात. खरं म्हणजे ते दर्शनी किमतीचे, १० रुपयांवरचे टक्के असतात. १०० शेअरचं उदाहरण द्यायलाच हवं, कारण घराघरांत हिशेब त्यावरच होतो.

## टप्पा ५: ‘राखीव निधी काढा की’ याचं उत्तर

हा प्रश्न येणारच. ताळेबंदात राखीव निधी ११ कोटी दिसतो आणि लोकांना वाटतं, तो बँकेत ठेवीत पडलाय. गरज वाटल्यास पत्रात दोन वाक्यं घाला: राखीव निधी म्हणजे आजवर न वाटलेल्या नफ्याची बेरीज. तो पैसा जिनच्या यंत्रांत, गोदामात आणि कापसात घातलेला आहे. तिजोरीत काय आहे ते पाहायचं असेल, तर ताळेबंदातली ‘रोकड आणि बँक शिल्लक’ ही ओळ पाहा, आणि तिचा पान क्रमांक द्या. पान क्रमांक दिला की लोक खरंच उघडून बघतात.

इथे एक प्रामाणिक अपवाद आहे. कंपनीकडे मोठी मुदत ठेव असेल आणि तरी तुम्ही लाभांश कापला असेल, तर वरचं उत्तर चालणार नाही. ठेव बँकेकडे तारण आहे का, कशासाठी राखली आहे, ते सांगावं लागेल. अशा वेळी रोकडीची तंगी सांगणारं पत्र लिहिलं, तर ते खोटंच ठरतं.

## टप्पा ६: काय लिहायचं नाही

‘पुढच्या वर्षी लाभांश पूर्ववत होईल’ हे लिहू नका, अर्धवटही नाही. ‘अशी अपेक्षा आहे’ म्हटलं तरी गावात ते ‘देणार म्हणून सांगितलं’ असंच पोहोचतं. अट सांगा, आकडा सांगू नका. नमुन्यातला शेवटचा परिच्छेद त्यासाठीच तसा आहे.

ज्यांच्याकडे उधारी थकली आहे त्या गिरण्यांची नावं घालू नका. शंभर दिवसांनी तोच पक्षकार तुमच्याकडून पुन्हा गाठी घेणार असतो.

बँकेवर ढकलू नका. ‘बँकेने अडवलं’ असं लिहिलंत आणि बँकेने फक्त संमती मागितली असेल, तर मॅनेजरसाहेबांच्या हातात ते पत्र पडायला वेळ लागत नाही. त्यांचेही नातेवाईक भागधारक असतात.

## टप्पा ७: पाठवण्याआधी आणि पाठवताना

मसुदा आधी कंपनी सचिवांना आणि लेखापरीक्षकांना दाखवा. ते आकडे आणि कायद्याची भाषा बघतील. मग हिशेबाशी संबंध नसलेल्या एका माणसाला द्या. आमच्याकडे वजनकाट्यावरच्या नानांना देतो. वाचून झाल्यावर कागद काढून घ्यायचा आणि विचारायचं, ‘पैसे कुठे गेले?’ गाठी, उधारी, कर्ज, प्रेस, यांतली तीन नावं त्यांनी सांगितली तर पत्र तयार. ‘ते काहीतरी बँकेचं’ असं म्हणाले, तर तिसरा परिच्छेद पुन्हा लिहा. मागे एकदा नाना म्हणाले, ‘साहेब, खेळतं भांडवल म्हणजे काय खेळतं?’ तेव्हापासून तो शब्द पत्रातून गेला.

पत्र मंडळाच्या ज्या बैठकीत लाभांशाची शिफारस होते, त्याच बैठकीत मंजूर करून घ्या. सभेची सूचना पूर्ण २१ दिवस आधी पोहोचावी लागते. पाठवल्याचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत, टपालाचे दोन दिवस वेगळे. सभा २० सप्टेंबरला असेल, तर २५ ऑगस्टपर्यंत सगळं पोस्टात पडलं पाहिजे. पत्र सूचना आणि अहवालाबरोबरच, सगळ्यांना एकाच दिवशी जाऊ द्या.

सावधान: मोठ्या चार भागधारकांना आधी फोन करून ‘तुम्हाला म्हणून सांगतो’ करू नका. ती बातमी पत्राच्या आठ दिवस आधी बाजार समितीत पोहोचते, आणि तिथे लाभांश शून्य झालेला असतो.

## टप्पा ८: पत्र गेल्यानंतरचे दहा दिवस

फोन येणार, आणि तो कोणी उचलायचा ते आधीच ठरवा. एकच माणूस, एकच नंबर, समोर तेच पत्र आणि तो तक्ता. फोनवर पत्रात नसलेलं नवं कारण सांगायचं नाही. एका संचालकाने ‘बाजार मंदीत आहे हो’ म्हणून सुटका करून घेतली की सभेत दोन कारणं समोरासमोर येतात. कोणी काय विचारलं ते वहीत लिहून ठेवा. तोच प्रश्न तीनदा आला, तर सभेच्या सुरुवातीलाच त्याचं उत्तर द्या.

याच फोनवर बँक खात्याचा तपशील आणि पॅन तपासून घ्या. रक्कम आधीच कमी, त्यात ती जुन्या खात्यावर जाऊन परत आली की माणूस दुप्पट चिडतो. कंपनीच्या चुकीने ३० दिवसांत वाटप झालं नाही, तर १८ टक्के व्याज लागतं आणि संचालकांवर कारवाईही होऊ शकते. कोणी घेतलाच नाही असा लाभांश त्यापुढच्या सात दिवसांत ‘न दिलेला लाभांश’ खात्यात टाकावा लागतो. तिथे तो सात वर्षं पडून राहिला, तर केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो. वारले त्यांच्या नावावर पडलेले शेअर आमच्याकडे बरेच निघतात. पाकीट परत आलं, तर त्या गावातल्या दुसऱ्या भागधारकाला विचारून वारसांचा पत्ता काढा आणि वहीत त्याच ओळीसमोर लिहा.